सहा फोटो, तीन प्रश्न आणि एक पांढरा डबा

आमच्या फोटोग्राफी क्लबच्या बैठकीला मी पहिल्यांदा ४२ फोटो घेऊन गेले होते. एका सुतारकामाच्या कारखान्यात तीन महिने, जमेल त्या रविवारी, जाऊन काढलेले. प्रत्येक सदस्याला २० मिनिटं मिळतात. म्हणजे एका फोटोच्या वाट्याला अर्धं मिनिटही येत नाही, हा हिशोब मी घरी परतल्यावर केला. शेवटची स्लाइड संपल्यावर मी विचारलं, "कसे वाटले?" आणि सगळे मनापासून चांगलं बोलले.

त्या दिवशीची वही अजून माझ्याकडे आहे. त्यात लिहिलंय : "छान मालिका." "तो म्हाताऱ्यांचा मस्त." "जरा अंधारलेले वाटतात." "काही काही क्रॉप करता येतील." "ब्लॅक अँड व्हाइट करून बघ." "अजून जवळ जा." दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळं समोर ठेवून मी विचार केला की आता कॅमेरा हातात घेऊन नेमकं काय वेगळं करायचं, आणि काही सुचलं नाही. कुठला क्रॉप करायचा? जवळ म्हणजे किती? "तो म्हाताऱ्यांचा" फोटो कोणता, कारण म्हाताऱ्या मिस्त्रींचे तर २० होते?

यात सदस्यांचा दोष मला वाटत नाही. ४२ फोटो भरभर डोळ्यांसमोरून गेले की माणसाच्या मनात एक ढोबळ चव तेवढी उरते, आणि "कसे वाटले" या प्रश्नाला चवीचंच उत्तर येतं.

"अंधारलेले" ही एकच गोष्ट बऱ्याच जणांनी सांगितली होती, म्हणून ती मी आधी तपासली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत समान टप्प्यांच्या ११ राखाडी पट्ट्यांचं एक साधं चित्र तयार केलं आणि पुढच्या बैठकीआधी क्लबच्या प्रोजेक्टरवर लावून बघितलं. काळ्या टोकाचे तीन पट्टे मिळून एकच काळा ठोकळा दिसत होता. कारखान्यातल्या सावल्या नेमक्या तिथेच होत्या. म्हणजे निम्मी टीका प्रोजेक्टरवरची होती. उरलेली निम्मी माझ्या लॅपटॉपची, कारण मी रात्री खोलीतला दिवा मालवून, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून फोटो संपादित करत होते. अशा स्क्रीनवर जे नीट उजळ दिसतं ते प्रिंटवर आणि पडद्यावर हमखास गडद उतरतं. त्यानंतर मी ठरवलं की समीक्षेसाठी प्रिंटच न्यायच्या. पडदा लागणारच असेल तर पहिली स्लाइड त्या पट्ट्यांची, म्हणजे काय दिसत नाहीये हे सगळ्यांना आधीच कळतं.

सहा कसे उरले

दुसऱ्या खेपेची तयारी दोन आठवडे चालली. त्यातला बहुतेक वेळ फोटो काढून टाकण्यात गेला.

४२ फोटोंच्या पोस्टकार्डाएवढ्या, चार बाय सहा इंची प्रिंट काढून जमिनीवर पसरल्या. स्क्रीनवर एकामागून एक बघताना जे कळत नाही ते इथे लगेच दिसतं : सात फोटो जवळजवळ एकच होते, फक्त मिस्त्रींची मान थोडी इकडे नाहीतर तिकडे. ते सात गेले की एक उरला. असं करत १४ वर आले आणि तिथे अडकले, कारण आता प्रत्येक फोटो मला "चांगला" वाटत होता.

कोंडी फुटली ती निवडीची कसोटी बदलल्यावर. प्रदर्शनासाठी किंवा मानपदवीसाठी निवडताना आपण सर्वात भक्कम फोटो घेतो. ब्रिटनमधल्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीच्या एलआरपीएस या मानपदवीसाठी १० फोटोंचा संच आणि तो कसा मांडायचा याचा आराखडा द्यावा लागतो. तिथे कमकुवत फोटो ठेवणं म्हणजे आत्मघात. समीक्षेच्या संचाचं काम उलटं आहे. मला जे खुपत होतं ते त्यात दिसायला हवं होतं. आणि मला खुपत होतं ते असं : फोटो नीटनेटके आहेत, पण गार आहेत. तो माणूस दिवसभर घाम गाळतो आणि माझ्या फोटोत तो पोज दिल्यासारखा दिसतो. माझा संशय खिडकीवर होता. कारखान्यात एकच मोठी खिडकी, ती सगळीकडे पांढरीफटक आलेली, त्यामुळे माणूस मागे पडतो असं मी धरून चालले होते.

म्हणून त्या खुपण्याभोवतीचे सहा निवडले. पहिला दारातून दिसणारा अख्खा कारखाना. दुसऱ्यात रंधा आणि दोन हात, चेहरा चौकटीबाहेर. तिसऱ्यात मिस्त्री पेन्सिलीने फळीवर खूण करताना. चौथ्यात ते टेबलावर वाकून करवत चालवताना, बाजूला खिडकी. पाचवा म्हणजे दुसऱ्याचाच क्षण, पण मी दोन पावलं मागे सरकून चेहऱ्यासकट घेतलेला. सहाव्यात संध्याकाळी तयार खुर्चीकडे बघत उभे. दुसरा आणि पाचवा मुद्दाम जोडीने ठेवले, कारण त्यातला कुठला ठेवावा हे मला खरंच कळत नव्हतं. चौथा माझ्या मते फसलेला होता, आणि तो वगळायचा मोह आवरायला सगळ्यात जास्त जोर लागला.

आठ इंच बाय बारा इंचाच्या सहा प्रिंट, मागे पेन्सिलीने आकडे. चौथ्या फोटोच्या वेगळ्या पाच पोस्टकार्ड प्रती. त्या कशाला ते पुढे येईल.

प्रश्न खोडताना

प्रश्न लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा हे लिहिलं : "खिडकी फार उजळ आहे का?" वाचायला नेमका वाटतो, पण प्रश्न म्हणून अगदी टाकाऊ. एक तर त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं. दुसरं म्हणजे विचारल्याक्षणी बघणारे पाचही जण खिडकीकडेच बघणार आणि ती उजळ आहेच, त्यामुळे सगळे "हो" म्हणणार. माझा संशय मी त्यांच्या तोंडून परत ऐकला असता आणि खात्री झाल्यासारखं वाटलं असतं.

तो खोडून लिहिलं : "हा फोटो हातात घेतल्यावर नजर आधी कुठे गेली आणि नंतर कुठे थांबली? पेनाने १ आणि २ लिहा." यात खिडकीचं नाव नाही, चांगलं-वाईट नाही. बघणाऱ्याने फक्त स्वतःचा डोळा कुठे गेला ते सांगायचं, आणि त्यात कुणी चुकू शकत नाही. नवखा सदस्यही याचं उत्तर क्लबमधल्या आमच्या सरांइतकंच खरं देतो. पोस्टकार्ड प्रती यासाठी होत्या. तोंडी विचारलं की पहिला बोलतो आणि बाकीचे त्याच्या मागे जातात. प्रत्येकाच्या हातात वेगळी प्रत आणि पेन असलं की तसं होत नाही.

दुसरा प्रश्न जोडीबद्दल : "दुसरा आणि पाचवा यांतला एकच ठेवायचा असेल तर कोणता ठेवाल, आणि दुसरा काढल्यावर काय हरवेल?" नुसतं "कोणता आवडला" विचारलं असतं तर मतं मोजून विषय संपला असता. मला हरवणाऱ्या गोष्टीचं नाव हवं होतं.

तिसरा सगळ्यात मोकळा : "सहाही एकत्र बघून, काय पुन्हा पुन्हा येतंय?" एकेका फोटोवर कितीही बोला, फोटो काढणाऱ्याची सवय दिसत नाही. ती सहा फोटो शेजारी ठेवल्यावर दिसते. सहाच ठेवण्याचं कारणही हेच, की ते एका टेबलावर मावतात आणि एका नजरेत येतात.

आणखी चार प्रश्न लिहिले होते, रंगांबद्दल, क्रमाबद्दल. ते खोडले. २० मिनिटांत तीन प्रश्नच नीट होतात.

क्रम मात्र मी एका नृत्यदिग्दर्शिकेकडून उसना घेतला. लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये कलाकृतीवर प्रतिसाद द्यायची चार पायऱ्यांची एक पद्धत बसवली. त्यात आधी बघणारे त्यांना काय भावलं, काय जाणवलं ते सांगतात, मग कलाकार प्रश्न विचारतो, मग बघणारे मत न मिसळता प्रश्न विचारतात, आणि मतं सगळ्यात शेवटी, तीही कलाकाराची परवानगी घेऊन. आमच्याकडे नेमकं उलटं चालतं, मत आधी आणि बघणं नंतर. मी एवढंच केलं की मतांना शेवटची पाच मिनिटं ठेवली.

ती २० मिनिटं

पाच जणांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यात आमचे सर, पक्ष्यांचे फोटो काढणारे एक सदस्य, स्टुडिओत काम करणाऱ्या एक ताई, आणि दोघं नवीन. प्रिंट टेबलावर मांडल्या आणि पहिली दोन मिनिटं कुणीच बोलायचं नाही असं ठरलं. ही दोन मिनिटं फार लांब वाटतात. मला तिथेच तोंड उघडायची हुक्की आली आणि मी म्हटलं, "हे मिस्त्री ना, नातवासाठी खुर्ची करतायत."

चूक झाली. त्यानंतर सहाव्या फोटोबद्दल दोघं "मायेने बघतायत" असं म्हणाले. फोटोत ते दिसतंय की मी सांगितलं म्हणून दिसतंय, हे आता कळायचा मार्ग उरला नाही. बघणाऱ्यांच्या बोलण्यात आपलेच शब्द परत यायला लागले की समजायचं, ते उत्तर बाद. सहावा फोटो त्या दिवसापुरता वाया गेला.

मग पोस्टकार्ड वाटली. पेनं फिरली, मी गोळा केली. पाचपैकी चार जणांनी १ हा आकडा एकाच जागी लिहिला होता, आणि ती खिडकी नव्हती. मिस्त्रींच्या डाव्या खांद्याशेजारी, मागच्या फळीवर डिंकाचा एक पांढरा डबा होता. जेमतेम नखाएवढा. मला तो तीन महिन्यांत एकदाही दिसला नव्हता. खिडकी मोठी होती, पण ती कडेला होती आणि खिडकी उजळ असणार हे डोळ्याला मान्यच असतं. डबा मात्र गडद भिंतीवर, चेहऱ्याला लागून, कडा तीक्ष्ण. नजर आधी तिथे जात होती आणि मग चेहऱ्यावर. हातापर्यंत फक्त दोघांची पोचली.

शेवटी मतांची वेळ आली तेव्हा उपाय तीन आले. ताई म्हणाल्या, वरून क्रॉप कर. एक नवीन सदस्य म्हणाला, तो कोपरा संपादनात गडद कर. सर म्हणाले, "अर्धं पाऊल डावीकडे उभी राहिली असतीस तर डबा खांद्यामागे गेला असता." तीन उपाय एकमेकांशी जुळत नव्हते. पहिल्या बैठकीत मी अशा वेळी "प्रत्येकाचं वेगळंच" म्हणून वही मिटली असती. पण आता पोस्टकार्ड समोर होती आणि तिघंही एकाच डब्याबद्दल बोलत होते हे दिसत होतं. उपायांवर एकमत नसलं तरी दुखणं कुठे आहे यावर होतं, आणि उपाय निवडणं माझं काम होतं.

जोडीच्या प्रश्नावर दोन विरुद्ध दोन झालं. दुसरा ठेवणारे म्हणाले, पाचवा ठेवला तर रंध्याची धार आणि लाकडाचा पोत हरवतो. पाचवा ठेवणारे म्हणाले, चेहरा गेला तर हे हात कुणाचेही असू शकतात. सरांनी उत्तर दिलंच नाही, उलट मलाच विचारलं, "तुझी मालिका या माणसाची आहे की या कामाची?" मला सांगता आलं नाही.

तिसऱ्या प्रश्नाला बराच वेळ शांतता होती. मग पक्षीवाले सदस्य, ज्यांना मी मनातून थोडी घाबरूनच होते कारण ते प्रत्येक फोटोत डोळा सुस्पष्ट आलाय का एवढंच बघतात, म्हणाले, "तुमचे हात सगळे थांबलेले आहेत."

कुणाला कळलं नाही. त्यांनी एकेका प्रिंटवर बोट ठेवलं. रंधा लाकडावर टेकलाय, पण एकही ढलपी वर येताना दिसत नाही. पेन्सिल फळीपासून बोटभर वर आहे. करवत लाकडात आहे, पण भुसा पडत नाहीये आणि कोपर सैल आहे. "उडता पक्षी आणि बसलेला पक्षी, एवढाच फरक," ते म्हणाले.

घरी आल्यावर

वहीचं पान मी तीन रकान्यांत पाडलं : काय दिसलं, काय कर म्हणून सांगितलं, आणि ही कुणाची आवड आहे. "ब्लॅक अँड व्हाइट कर" याही खेपेला आलं होतं, त्याच सदस्याकडून. ते सगळ्यांनाच तसं सांगतात, म्हणून तिसऱ्या रकान्यात. पहिल्या रकान्यात दोनच गोष्टी उरल्या, डबा आणि थांबलेले हात.

हात का थांबले होते, हे क्लबमध्ये कुणी सांगू शकलं नसतं. ते फोटोंच्या माहितीत होतं. सहाही फोटो आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ४०० वर, एफ २.८, आणि शटर १/३० सेकंदाच्या आसपास. आयएसओ वाढवला की फोटोत दाणेदार नॉईज येतो, त्या भीतीने मी तो ४०० च्या वर कधी नेलाच नव्हता. १/३० सेकंदात करवत चालवणारा हात पुसट येणारच. मग मी मूळ ४०० हून अधिक फोटो पुन्हा उघडले. सुरुवातीच्या दोन रविवारी मी चालत्या हातांचे भरपूर फोटो काढले होते. ते पुसट म्हणून निवडीतच उडवले होते. त्यानंतरच्या रविवारी असे फोटो जवळजवळ नाहीतच. पुसट येतं म्हणून मी नकळत मिस्त्री थांबायची वाट बघायला शिकले होते. गारपणाचं मूळ खिडकीत नव्हतं, आयएसओच्या आकड्यात होतं.

दुरुस्तीचा हिशोब सोपा. ४०० वरून ३२०० म्हणजे तीन स्टॉप, तीनदा दुप्पट, त्यामुळे तेवढ्याच उजेडात शटर १/३० वरून १/२५० वर. पुढच्या रविवारी एवढंच बदललं आणि डबा खांद्यामागे जाईल असं उभी राहिले. खरं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी होती, म्हणजे कशाने काय झालं ते नीट कळलं असतं. उत्साहात दोन्ही केल्या.

१/२५० वर मिस्त्रींची मनगटं स्पष्ट आली आणि करवतीच्या टोकाला किंचित पुसटपणा राहिला, जो मला हवाच होता. भुसा हवेत थांबलेला दिसतो. सावल्यांत नॉईज आहे. स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून बघितलं की अजूनही मला त्रास होतो.

परत दाखवताना मी चार प्रिंट नेल्या, दोन जुन्या, दोन नव्या, मिसळून, कुठली कोणती ते न सांगता. आणि आधीच्या पाचांतले फक्त सर ठेवले. बाकीच्यांना आता डबा माहीत होता. ते तो शोधतच बसले असते. तीन नव्या लोकांना पोस्टकार्ड दिली, तोच प्रश्न. नव्या फोटोत तिघांचाही १ करवतीच्या मुठीवर होता आणि २ चेहऱ्यावर. जुन्यावर दोघांचा १ अजूनही डब्यावरच. नॉईजबद्दल आठ बाय बाराच्या प्रिंटवर कुणी चकार शब्द काढला नाही. याहून बऱ्याच मोठ्या प्रिंटवर काय होईल ते बघितलेलं नाही.

सरांनी चारही प्रिंट बराच वेळ बघितल्या आणि एक नवीच गोष्ट काढली : सगळे फोटो उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून आहेत, मिस्त्री मात्र दिवसभर वाकलेले असतात, त्यामुळे चेहरा प्रत्येक वेळी वरूनच दिसतो. हे पहिल्या सहांतही होतं. तेव्हा कुणाला दिसलं नाही, बहुधा डबा मध्ये होता म्हणून.

माणूस की काम, याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही, आणि ते क्लबकडून मिळेल असं मला वाटतही नाही. दुसरा आणि पाचवा दोन्ही खोक्यात ठेवलेत. पुढच्या महिन्यासाठी तीन प्रिंट काढायला दिल्या आहेत, टेबलाच्या उंचीला स्टुलावर बसून काढलेल्या. प्रश्न एकच लिहिलाय : "यातला कोणता फोटो मिस्त्रींना ओळखत नसलेल्या माणसाला दाखवाल, आणि तो आधी काय विचारेल?"